एक वाक्य कापलं आणि…

तुम्ही बीए करत असा, इंजिनीअरिंग करत असा नाहीतर आमच्यासारखं मास कॉम, तुम्हाला कधी ना कधी हा फोन येणार आहे. तुमच्या जुन्या शाळेतून. ‘अगं, तू लिहितेस ना? मग आपल्या वार्तापत्रासाठी एक छोटासा परिच्छेद दे की!’ मला तो डिसेंबरात आला. शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं होतं. बाईंनी चार पानांचा अहवाल लिहून ठेवला होता. जे पालक येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी त्याचा सारांश हवा होता. जागा होती १२० शब्दांची.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. चहा थंड व्हायच्या आत होईल. झालंही. आणि त्या १२० शब्दांत मी एक अशी चूक केली, जी तुम्हीही कराल. म्हणून हा लेख.

अहवालात काय होतं?

शाळेचा अहवाल तुम्हीही कधीतरी वाचला असेल. तो घड्याळाप्रमाणे चालतो. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय भाषण. प्रकल्प सुरू होतात दुसऱ्या पानाच्या तळाशी. भाषाही ठरलेली असते : ‘आयोजन करण्यात आले’, ‘मोलाचे सहकार्य लाभले’, ‘सूत्रसंचालन केले’. यात बाईंचा काही दोष नाही. अहवाल फाईलला लावण्यासाठी असतो, उद्या कुणी विचारलं तर कोण आलं, काय झालं हे सापडायला हवं. पण जो बाबा त्या दिवशी ड्युटीवर होता, त्याला शाल कुणी दिली यात रस नसतो. पोरांनी काय केलं, हे त्याला हवं असतं.

एवढं मला कळत होतं. पहिलं सेमिस्टर आम्ही ‘उलटा पिरॅमिड’ घोकण्यातच घालवलं आहे : महत्त्वाचं आधी, बाकीचं खाली. त्यामुळे पहिली दीड पानं मी सरळ उडवली. तो निर्णय आजही बरोबर वाटतो. घोटाळा पुढे झाला.

सातवीच्या पाच जणांचा प्रकल्प होता पाणी गाळण्याचा. प्लास्टिकची बाटली बुडाकडून कापून उलटी धरायची, तोंडाला कापड बांधायचं, आत कोळशाचा, वाळूचा, वर खडीचा थर द्यायचा आणि वरून गढूळ पाणी ओतायचं. आपण सगळ्यांनी हा प्रयोग कधी ना कधी पाहिला आहे. अहवालात त्यावर दोन वाक्यं होती. पहिलं : ‘विद्यार्थ्यांनी गढूळ पाणी गाळून नितळ पाणी मिळवून दाखविले.’ दुसरं : ‘तथापि सदर पाणी एच-टू-एस बाटलीत ठेवले असता दुसऱ्या दिवशी काळे पडल्याने ते पिण्यायोग्य नसल्याचे विद्यार्थ्यांनी नमूद केले.’

मला दुसरं वाक्य लांबलचक वाटलं. शिवाय ‘निगेटिव्ह’ वाटलं. पालकांना आनंदाची बातमी द्यायची, त्यात पोरांचा प्रयोग फसला असं कशाला सांगायचं? मी ते कापलं. पहिलं जरा चमकवलं. छापून आलं ते असं : ‘सातवीच्या विद्यार्थ्यांनी टाकाऊ बाटलीपासून फिल्टर बनवून गढूळ पाणी शुद्ध केले.’

दहा शब्द. सोपं, सकारात्मक आणि चूक.

‘बाई, खडी किती घालायची?’

वार्तापत्र घरोघरी गेल्यावर चार दिवसांनी एका मुलीचे वडील शाळेत आले. एसटीत कंडक्टर आहेत. प्रदर्शनाच्या दिवशी ते मुक्कामी गाडीवर होते. त्यांनी घरी बाटली कापून ठेवली होती, वाळू आणली होती. बाईंना विचारत होते, ‘बाई, खडी किती घालायची? आणि मग पाणी उकळायची गरज नाही ना? गॅस तेवढाच वाचेल.’ 

त्यांची मुलगी पाचवीत. तिने ती काळी बाटली पाहिलीही नव्हती. नशीब, ते विचारायला आले. न विचारता पाणी प्यायले असते तर?

बाईंनी मला फोन केला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘जे आले होते त्यांनी टेबलावर काळी बाटली पाहिली. जे आले नव्हते त्यांच्याकडे फक्त तुझं वाक्य होतं.’

मग मी सुट्टीत शाळेत जाऊन तो प्रकल्प त्या पाच जणांकडून नीट समजून घेतला. आधी घ्यायला हवा होता. वाळूत गाळ अडकतो. कोळसा वास आणि थोडा रंग धरून ठेवतो. म्हणून पाणी नितळ दिसतं. पण जंतू वाळूच्या कणांमधल्या फटींपेक्षा कितीतरी लहान असतात, ते आरामात खाली उतरतात. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पोरांनी एच-टू-एस बाटली वापरली. पाणीतपासणीसाठी गावोगाव वापरतात ती. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू पाण्यात असले की त्यांच्यासोबत सहसा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करणारे जंतूही असतात. त्या वायूचा बाटलीतल्या लोहाच्या क्षाराशी संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. काळं पडलं की ते पाणी पिण्याच्या कामाचं नाही, असं समजायचं.

म्हणजे बघा, प्रकल्प फसला नव्हताच. ‘नितळ म्हणजे शुद्ध नव्हे’ हाच त्यांचा प्रकल्प होता. एका टेबलावर त्यांनी नितळ पाण्याचा ग्लास आणि काळी बाटली शेजारी शेजारी ठेवली होती. बारा वर्षांच्या मुलांनी स्वतःचा फिल्टर तपासला आणि तो कुठे कमी पडतो ते प्रामाणिकपणे मांडलं. मी नेमका तो प्रामाणिकपणा कापला. गटातली एक मुलगी मला म्हणाली, ‘ताई, तुम्ही लिहिलंय ते आम्ही केलंच नाही.’ 

कापायचं काय?

मग पुढच्या अंकासाठी दुरुस्तीसह नवा परिच्छेद लिहायचं ठरलं. या वेळी मी पद्धत बदलली. अहवाल आणि माझा मजकूर शेजारी ठेवला. माझ्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि ते अहवालातल्या कुठल्या ओळीवर उभं आहे ते शोधलं. ‘शुद्ध केले’ला ओळ सापडलीच नाही. अहवालात शब्द होता ‘नितळ’. ‘शुद्ध’ माझ्या मनातून आला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे, मी अहवालातले ‘तथापि’, ‘मात्र’, ‘परंतु’ शोधले. आपण सारांश करताना सगळ्यात आधी ‘मात्र’च्या पुढचं उडवतो, कारण ते पुरवणीसारखं वाटतं. आणि प्रयोगाची मर्यादा तर नेमकी तिथेच लिहिलेली असते. आठवीच्या बटाट्यांच्या प्रकल्पाचंही माझ्याकडून तेच झालं होतं. मी लिहिलं होतं ‘बटाट्यापासून वीज’. अहवालात पुढे होतं : मात्र वीज जस्त आणि तांबे यांच्यातील रासायनिक क्रियेमुळे मिळते, बटाट्यातला रस फक्त माध्यमाचं काम करतो आणि प्रयोगातला बटाटा खाऊ नये, कारण त्यात जस्त उतरलेलं असतं. शेवटचं वाक्य तर घरी प्रयोग करणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईला हवं होतं.

मग जागा कुठून आणायची? १२० म्हणजे १२०च. ३८ प्रकल्पांची यादी द्यायची नाही, दोनच पूर्ण सांगायचे. यात एक तोटा आहे, तो मान्य करायला हवा : बाकीच्या ३६ प्रकल्पांच्या पालकांना आपल्या मुलाचं नाव दिसणार नाही. म्हणून बाईंनी सगळी नावं वर्गवार वेगळ्या चौकटीत दिली. यादी चौकटीत शोभते, परिच्छेदात ती गोष्ट मारते.

छापायच्या आधी मी तो मजकूर शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. त्या प्रदर्शनाला नव्हत्या. कागद बाजूला ठेवून विचारलं, ‘काकू, ते पाणी प्यायचं का?’ काकू म्हणाल्या, ‘छे गं, उकळायला सांगितलंय ना!’ तेव्हा पाठवला. तो असा :

‘गेल्या अंकात “पाणी शुद्ध केले” असं छापलं होतं, ते चूक होतं. आपल्या विज्ञान प्रदर्शनात पाचवी ते नववीच्या मुलामुलींनी ३८ प्रकल्प मांडले. सातवीच्या पाच जणांनी वाळू, खडी आणि कोळशातून गढूळ पाणी गाळलं. ते नितळ दिसलं, पण तपासणीच्या बाटलीत दुसऱ्या दिवशी काळं पडलं. म्हणजे ते पिण्यासारखं नव्हतं. नितळ पाणी शुद्ध असतंच असं नाही, हेच मुलांनी दाखवलं. घरी असं पाणी गाळलंत तरी उकळूनच प्या. आठवीच्या गटाने चार बटाट्यांत जस्ताच्या पट्ट्या आणि तांब्याच्या तारा खोचून छोटा लाल दिवा मंद पेटवला. वीज या दोन धातूंमुळे मिळते. प्रयोगातला बटाटा खाऊ नका. प्रकल्पांचे तक्ते प्रयोगशाळेत लावले आहेत, पालकसभेला आलात की पाहा. आणि आज मुलांना विचारा : बाटली काळी का पडली?’

शेवटचा प्रश्न बाईंनी सुचवला. जो पालक प्रदर्शनाला येऊ शकला नाही, त्याला निदान जेवताना पोराशी बोलायला काहीतरी मिळावं म्हणून.

कंडक्टर काका पालकसभेला आले होते. कापलेली बाटली त्यांनी फेकली नाही. त्यात कोथिंबीर लावली आहे म्हणाले.