सात पत्ते ठेवायचे की परत करायचे?

रमीत हात वाईट आला की पहिल्याच फेरीत ‘ड्रॉप’ म्हणून थोड्या गुणांवर सुटता येतं. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या 1993च्या अमेरिकन पत्त्यांच्या खेळात ती सोय नाही. तिथे वाईट हात परत करता येतो, पण डाव खेळावाच लागतो आणि एक पत्ता गमवावा लागतो. यालाच मुलिगन म्हणतात.

खेळाची मेख लँड या पत्त्यांत आहे. लँडमधून ‘मना’ मिळतो आणि मना खर्चूनच बाकीचे पत्ते टाकता येतात. एका वळणाला एकच लँड मांडता येतो. साठ पत्त्यांच्या डेकमध्ये चोवीस लँड असतील, तर पहिल्या सात पत्त्यांत दोन ते चार लँड येण्याची शक्यता सुमारे 77 टक्के. असे हात बहुतेक वेळा ठेवले जातात. शून्य, सहा किंवा सात लँडचा हात तर विचार न करताच परत जातो.

खरी परीक्षा दोन लँडच्या हाताची. समजा, दोन डोंगर हातात आहेत. सोबत एका मनाचा ‘लायटनिंग बोल्ट’ आणि दोन मनांचे पत्ते असतील, तर हात लगेच कामाला लागतो. त्यांच्या जागी सहा मनांचे ‘शिवन ड्रॅगन’ बसले असतील, तर तोच हात शोभेचा. म्हणजे लँड नुसते मोजून भागत नाही. त्यांवर काय खेळता येईल तेही बघावं लागतं.

शिवाय सुरुवात कोणाची? पहिला खेळाडू पहिल्या वळणाला पत्ता ओढत नाही. त्यामुळे तिसऱ्या वळणापर्यंत त्याला दोनच नवे पत्ते मिळतात आणि तिसरा लँड सापडण्याची शक्यता सुमारे 66 टक्के राहते. दुसऱ्याला तीन पत्ते मिळतात, त्याची शक्यता 81 टक्के. त्यामुळे काठावरचा हात दुसऱ्याने ठेवावा आणि पहिल्याने परत करावा, हे अगदी रास्त आहे.

परत करण्याची किंमतही आता पूर्वीइतकी जबर नाही. 2019पासून लागू असलेल्या ‘लंडन मुलिगन’मध्ये पुन्हा पूर्ण सात पत्ते बघायला मिळतात, हात ठेवताना जितक्यांदा मुलिगन केला तितके पत्ते स्वतः निवडून डेकच्या तळाशी घालायचे. नव्या हातात पाच लँड आले, तर जादा लँडच तळाशी जातो. मात्र दुसऱ्या मुलिगनला हात पाचावर येतो, आणि तिथून निभावणं अवघड.

नवखे खेळाडू फसतात ते एका लँडच्या हाताला. बाकीचे सहा पत्ते मोहात पाडतात. पण दुसऱ्याने खेळणाऱ्यालासुद्धा तिसऱ्या वळणापर्यंत तीन लँड मिळण्याची शक्यता जेमतेम 40 टक्के असते. डेक अगदीच स्वस्त पत्त्यांचा नसेल, तर हा हात परत करून सहा पत्त्यांनिशी खेळलेलं बरं.