वेताच्या जाळीचं माप

घराचं काम सुरू होण्याआधी बैठकीची खोली कशी दिसेल, याचं संगणकावर केलेलं चित्र इंटिरियर डिझायनर हल्ली दाखवतात. त्याला रेंडर म्हणतात. त्यात वेताची खुर्ची, तागाचा गालिचा किंवा घडीव लोखंडाचं टेबल असेल, तर कधी कधी काहीतरी खटकतं. रंग बरोबर असतात, उजेडही बरोबर असतो, तरी खुर्ची बाहुलीच्या घरातली वाटते. अशा वेळी आधी विणीचं माप तपासावं.

रेंडरमधली वीण खरोखर विणलेली नसते. जाळीच्या एका छोट्या तुकड्याचं चित्र घेतात आणि फरशा लावाव्यात तसं ते पृष्ठभागावर शेजारी शेजारी लावतात. यालाच टेक्स्चर म्हणतात. तो तुकडा प्रत्यक्षात किती सेंटिमीटरचा आहे, हे संगणकाला आपोआप कळत नाही. ते करणाऱ्याने सांगावं लागतं.

उदाहरण म्हणून मिखाएल थोनेट यांच्या कंपनीची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची घेऊ. वाफवून वाकवलेल्या लाकडाच्या गोल चौकटीत वेताची बैठक, ही तिची ओळख. बैठकीचा व्यास सुमारे ४० सेंमी धरू. अशा जाळीत एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण साडेबारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असतं. तेव्हा बैठकीच्या मधोमध एका ओळीत ३२ भोकं मावतात. आता आपल्याजवळच्या चित्रात एका ओळीत आठ भोकं आहेत असं समजा. तो तुकडा १० सेंमीचा झाला आणि ४० सेंमीच्या बैठकीवर तो आडवा चारदा, उभा चारदा लागायला हवा. ही आकडेमोड न करता एकच चित्र ताणून बसवलं, तर ३२ च्या जागी आठच भोकं दिसतात आणि प्रत्येक भोक पाच सेंटिमीटरवर येतं. डोळ्याला वेताच्या जाळीची सवय असते. त्यामुळे तो भोक मोठं आहे असं मानत नाही, खुर्चीच लहान आहे असं मानतो.

६० बाय ३० सेंमीच्या पाठीवर तोच तुकडा आडवा सहादा आणि उभा तीनदा लागेल. दोन्हीकडे सारखाच आकडा दिला, तर भोकं एका दिशेला चपटी होतात.

माप जमलं की दिशा पाहावी. या जाळीत उभ्या, आडव्या आणि दोन तिरप्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामधली भोकं अष्टकोनी दिसतात. चौकट गोल असली तरी भोकांच्या ओळी सरळच जातात, कडेला फक्त कापल्यासारख्या थांबतात. वेणी घालून शिवलेल्या गोल तागाच्या गालिच्याचं मात्र उलट असतं. दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची वेणी मध्यापासून गोल गोल फिरत बाहेर येते. त्यावर सरळ विणीचं चित्र टाकलं, तर मोठ्या चटईतून गोल तुकडा कापल्यासारखा दिसतो. उशीवरच्या तागाच्या कापडाचं माप आणखी वेगळं. गोणपाटासारख्या विणीत एका सेंटिमीटरला चार-पाच धागे असतात, त्यामुळे गालिच्याचं चित्र उशीला वापरता येत नाही.

वेताच्या भोकांतून पलीकडचं दिसायला हवं आणि जमिनीवर जाळीची सावली पडायला हवी. त्यासाठी चित्रातली भोकं पारदर्शक करावी लागतात. नाहीतर बैठक जाळी छापलेल्या पुठ्ठ्यासारखी वाटते.

लोखंडाला वीण नसते, पण ते मापपट्टीच्या कामाला येतं. टेबलाचे पाय १२ मिलिमीटरच्या चौरस सळईचे असतील, तर सळईची रुंदी आणि वेताच्या दोन भोकांमधलं अंतर जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. खुर्ची आणि टेबल कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असताना सळईच्या रुंदीत वेताची चार भोकं मावली, तर जाळी फार बारीक झाली आहे. लोखंडाच्या चकाकीतही चूक होते. काळा रंग दिलेलं लोखंड उजेडाला धातूसारखं वागत नाही, रंगासारखं वागतं. म्हणून ब्लेंडरसारख्या प्रोग्रॅममध्ये त्याचं `Metallic` शून्य ठेवावं. रंग उडालेल्या, उघड्या धातूच्या जागी एक.

एक अडचण मात्र अचूक मापानेच येते. खुर्चीच्या अंतरावर चार मीटर रुंदीची खोली चित्रात मावत असेल आणि चित्र १९२० पिक्सेल रुंद असेल, तर एक पिक्सेल दोन मिलिमीटरहून थोडा मोठा होतो. वेताची पट्टी अडीच-तीन मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम एका पिक्सेलची. मग जाळीवर नसलेल्या लाटा उमटतात किंवा ती एकसारखी करडी होते. अनेकजण इथेच वीण मोठी करून टाकतात. खरा उपाय म्हणजे चित्राची रुंदी दुप्पट करणं, प्रत्येक पिक्सेलमागे जास्त नमुने घेणं आणि खुर्चीचं जवळून वेगळं रेंडर काढणं. तुमच्या घराचं रेंडर कोणी दाखवलं, तर असं जवळचं चित्र जरूर मागा आणि बैठकीच्या एका ओळीतली भोकं मोजा.