उणे चिन्ह कोणती बाजू सांगतं?

दहावीच्या पेपरात भिंगाचं गणित म्हणजे अपूर्णांकांची साधी बेरीज-वजाबाकी. तरी त्यात गुण जातात, आणि अनेकदा ते एका उणे चिन्हापायी जातात.

कार्टेशियन चिन्ह संकेत आलेखाच्या कागदावरून आला आहे. वस्तू डावीकडे ठेवायची. भिंगाचं प्रकाशीय केंद्र किंवा आरशाचा ध्रुव हा आरंभबिंदू धरून प्रत्येक अंतर तिथूनच मोजायचं. उजवीकडचं अंतर धन, डावीकडचं ऋण. मुख्य अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. त्यामुळे वस्तूचं अंतर u ऋणच येतं. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर f मात्र धन असतं.

समजा, १० सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर १५ सेमीवर पेटती मेणबत्ती आहे. भिंगाचं सूत्र १/v − १/u = १/f. त्यात u = −१५ घातलं की १/v = १/१० − १/१५ = १/३०. म्हणजे प्रतिमेचं अंतर v = +३० सेमी. इथे काही विद्यार्थी १/३० हेच उत्तर लिहून मोकळे होतात! विशालन v/u = −२. ज्योत भिंगापलीकडे ३० सेमीवर, दुप्पट मोठी आणि उलटी दिसेल. तिथे कागद धरला तर ती त्यावर उमटेल.

आता भिंग काढून तिथे १० सेमी नाभीय अंतराचा अंतर्वक्र आरसा ठेवू. त्याची नाभी डावीकडे, वस्तूच्याच बाजूला, म्हणून f = −१०. आरशाचं सूत्र १/v + १/u = १/f; त्यातून v = −३० सेमी. विशालन −v/u, म्हणजे पुन्हा −२. चिन्ह पालटलं, पण प्रतिमा याही वेळी वास्तव आणि उलटीच आहे. कारण आरशावरून परतलेले किरण डावीकडेच एकत्र येतात. ‘v ऋण म्हणजे प्रतिमा आभासी’ हे पाठांतर भिंगाला चालतं, आरशाला नाही. चिन्ह फक्त बाजू सांगतं; किरण खरोखर त्या बाजूला जातात का, हे ज्याचं त्याने पाहायचं.

घोटाळ्याचं आणखी एक कारण म्हणजे चिन्ह दोनदा लावणं. सूत्रातलं उणे वेगळं आणि u चं स्वतःचं उणे वेगळं. दिलेल्या राशींना चिन्ह द्यावं, जी शोधायची आहे तिला देऊ नये. तिचं चिन्ह उत्तरातूनच येतं.

ताळा घ्यायला कच्ची किरणाकृती पुरते. मेणबत्ती त्याच भिंगापासून ६ सेमीवर, नाभीच्या आत आणली, तर पलीकडे गेलेले किरण फाकतात. मागे वाढवले तरच डावीकडे मिळतात. गणितही v = −१५ सेमी आणि विशालन +२.५ असंच सांगतं: प्रतिमा आभासी, सुलट, मोठी. वाचायला धरलेलं भिंग हेच करतं. त्या वेळी कागद कुठेही धरला तरी त्यावर ज्योत उमटत नाही.