शॉवर घेण्याआधी दाब मोजा

वरच्या मजल्यावर हौसेने मोठा रेन शॉवर बसवावा आणि पाणी नुसतं ठिबकावं, हे फार घरांत घडतं. टाकीतलं पाणी शॉवरच्या ३ मीटर वर असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार भरतो. अशा शॉवरला बहुधा १ बार तरी लागतो. म्हणून खरेदीआधी शॉवरची दांडी काढा, रिड्यूसरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून तिथे गेज बसवा. पंप नसेल तर गेज १ बारपर्यंतचाच घ्या. १० बारच्या तबकडीवर काटा धड हलतही नाही.

आता कॉक उघडा, आकडा पाहा आणि बेसिनचा नळ पूर्ण सोडा. काटा ०.३ वरून ०.१ वर घसरला, तर पाइप अरुंद आहे किंवा गाळाने भरलाय. आधी पाइप दुरुस्त करून घ्या, शॉवर नंतर.