चढावरच्या रांगेत इलेक्ट्रिक गाडी कोण धरून ठेवतं?

सलग सुट्ट्या आल्या की बोरघाटात गाड्यांची रांग लागते. चढावर गाडी दोन हात पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. अशा वेळी ब्रेकवरून पाय उचलल्यावर इलेक्ट्रिक गाडी पुढे जाईल, जागच्या जागी राहील की मागे येईल, हे बऱ्याच अंशी तिच्या सेटिंगवर ठरतं.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पेट्रोल गाडीत इंजिन थांब्यावरही फिरत असतं आणि त्याची थोडी ओढ तेलातून चाकांपर्यंत पोचते. म्हणून ब्रेक सोडताच ती रांगू लागते. इलेक्ट्रिक गाडी उभी राहिली की मोटरही थांबते. तिचं रांगणं, म्हणजे क्रीप मोड, सॉफ्टवेअरने मुद्दाम दिलेली ओढ असते. होल्ड मोडमध्ये याउलट गाडी थांबताच ब्रेक आपोआप लागतात आणि ॲक्सिलरेटर दाबेपर्यंत लागलेले राहतात.

आता चढाचा हिशेब पाहू. माणसांसकट गाडी १,८०० किलोची आणि रस्ता १०० मीटरला ६ मीटर चढणारा असेल, तर सुमारे १०८ किलो वजनाइतका जोर तिला सतत मागे ओढतो. सपाट रस्त्यावर चाकं फिरती ठेवायला साधारण १८ किलोइतका जोर पुरतो. क्रीपची ओढ सपाटीवरच्या चालीच्या बेताने ठरवलेली असेल, तर चढावर ती कमी पडते आणि ब्रेक सोडताच गाडी मागच्या बंपरकडे निघते.

मग चालक ॲक्सिलरेटर हलकेच दाबून गाडी तोलून धरतो. इथे खरी गोम आहे. गाडी हलत नाही, त्यामुळे काम शून्य. पण मोटरमधून प्रवाह वाहतच असतो आणि त्याची सगळी उष्णता होते. फिरत्या मोटरमध्ये हा भार तिन्ही फेजमध्ये आळीपाळीने वाटला जातो. थांबलेल्या मोटरमध्ये मात्र एकाच फेजच्या वाट्याला जास्त प्रवाह येऊन तो तसाच राहू शकतो. मग त्या फेजचं वेटोळं आणि इन्व्हर्टरमधले तिचे स्विच जास्त तापतात. तापमान वाढलं की संरक्षण म्हणून गाडी मोटरचा जोर कमी करते. होल्डमध्ये तोच भार ब्रेक पॅड पेलतात, मोटरला विश्रांती मिळते.

निघताना मोटरने आधी मागची ओढ भरून काढायची आणि मगच ब्रेक सुटायचे, असा क्रम असतो. ब्रेक लवकर सुटले तर गाडी किंचित मागे येते. उशिरा सुटले तर झटका बसतो.

हिल होल्ड म्हणजे होल्ड मोड नव्हे. ते पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नेण्यापुरतं, साधारण दोन-तीन सेकंद ब्रेक धरतं आणि सोडून देतं. त्यामुळे घाटात ब्रेकवरून पाय काढण्याआधी डॅशबोर्डवर होल्डची खूण उमटली आहे ना, हे पाहून घ्यावं. क्रीप सपाट रस्त्यावरच्या रांगेत आणि पार्किंगमध्ये सोयीचं. गाडीतून उतरायचं असेल, तर मात्र होल्डच्या भरवशावर न राहता P लावावा.