आर्डूपायलट

आर्डूपायलट : ड्रोनच्या उड्डाणाचे नियंत्रण करणारी मुक्त संगणकीय आज्ञावली. २००९ पासून विकसित होत आलेली ही आज्ञावली ड्रोनवरील नियंत्रक-मंडलात भरतात. तिचे वर्तन ज्या संख्यांनी ठरते, त्यांना प्राचले म्हणतात. पुढील वर्णन ४.६ या आवृत्तीतील चार पंख्यांच्या ड्रोनला लागू आहे.

उड्डाणरीती : प्रेषकावरील एका कळीने ड्रोनची उड्डाणरीत बदलता येते. कळीच्या स्पंदाचा पल्ला सहा भागांत विभागलेला असून प्रत्येक भागास एक रीत नेमलेली असते. तीन स्थानांच्या कळीचे स्पंद साधारणपणे १,०००, १,५०० व २,००० मायक्रोसेकंद असल्याने ते अनुक्रमे पहिल्या, चौथ्या व सहाव्या भागांत पडतात. नवशिका बहुधा पहिले तीन भाग भरतो आणि मधल्या स्थानी भलतीच रीत लागते. म्हणून पंखे काढून ठेवून कळीची प्रत्येक स्थिती संगणकाच्या पडद्यावर पडताळतात. पहिल्या जुळणीस पुढील मूल्ये सोयीची असतात :

```
FLTMODE1,0
FLTMODE4,5
FLTMODE6,6
RTL_ALT,3000
```

यांतील 0 म्हणजे ड्रोनचा केवळ तोल राखणारी, 5 म्हणजे जागा व उंची धरून ठेवणारी आणि 6 म्हणजे ड्रोनला स्वगृही परत आणणारी रीत होय. RTL_ALT हे परतीच्या उंचीचे प्राचल सेंटिमीटरमध्ये असते. त्याचे मूळ मूल्य १५ मी. आहे. चाकण औद्योगिक क्षेत्रात १२ मी. उंचीच्या शेडवरून परतताना त्यात केवळ ३ मी. अंतर उरते, म्हणून वर ३० मी. घेतले आहेत. लोहगाव विमानतळाच्या सान्निध्यामुळे उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशाही पाहावा लागतो.

सज्जतेपूर्वीच्या तपासण्या : मोटारी सज्ज होण्याआधी आज्ञावली संवेदकांची तपासणी करते व दोष आढळल्यास सज्जता नाकारते. पिंपरी-चिंचवडमधील एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये जुळणी केली, तर लोखंडी खांब आणि फरशीतील सळया यांमुळे होकायंत्राचे वाचन बिघडते. पडद्यावर `PreArm: Check mag field` असा संदेश येतो. अशा वेळी ARMING_CHECK चे मूल्य 1 ऐवजी 0 केल्यास मोटारी फिरतात. पण दोष तसाच राहतो. दिशा चुकीची कळल्याने जागा धरून ठेवणारा ड्रोन वाढत्या वर्तुळांत भरकटतो आणि परतीची रीतही त्याच होकायंत्रावर विसंबून असल्याने निरुपयोगी ठरते. म्हणून ड्रोन मोकळ्या मैदानात नेऊन संदेश पुन्हा पाहतात. संदेश नाहीसा झाल्यास दोष जागेचा. राहिल्यास होकायंत्राचे अंशशोधन तेथेच पुन्हा करतात. त्यानंतरही तो राहिला, तर विजेच्या तारांपासून होकायंत्र दूर बसवितात.

स्वगृहाची नोंद सज्जतेच्या क्षणी होते. तोल राखणाऱ्या रीतीत उपग्रहीय स्थाननिश्चितीवाचूनही ड्रोन सज्ज होऊ शकतो. म्हणून जागा धरणाऱ्या रीतीत सज्ज करणे इष्ट. तीत स्थाननिश्चिती झाल्याशिवाय सज्जता मिळत नाही.