नाणेफेकीआधीची तीन मिनिटं

मैत्रीपूर्ण कबड्डी स्पर्धेत स्वागताचं भाषण बहुतेकदा यजमान संघाच्या व्यवस्थापकाच्या गळ्यात पडतं. गाडीची सोय, राहायची जागा, जेवण, खेळाडूंची यादी हे सगळं त्यानेच पाहिलेलं असतं, त्यामुळे माईकही त्याच्याच हातात येतो. अडचण एवढीच, की तो पाहुण्यांचा यजमान असतो आणि तासाभराने त्याच पाहुण्यांना हरवायला त्याचा संघ उतरणार असतो. हे दुहेरी नातं भाषणात नीट सांभाळलं, तर संध्याकाळ सुरळीत जाते. नाहीतर दुसऱ्या सत्रात गुणलेखकाच्या टेबलाभोवती घोळका जमतो.

समजा, चिपळूणच्या एका मंडळाने पुण्याचा संघ बोलावला आहे. स्थानिक तीन संघ आणि पाहुणे मिळून चार संघ, एकच मैदान आणि साखळी सामने. पाहुणे कराड-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून दुपारी पोचले आहेत. जेवण झालं, थोडी पाठ टेकली आणि आता खेळाडू मैदानाच्या कडेला अंग गरम करून उभे आहेत. पहिला मुद्दा इथेच येतो. गरम झालेलं अंग पंधरा मिनिटं उभं ठेवलं की पुन्हा गार पडतं. आपल्याकडे मात्र नेमक्या याच वेळी शाल-श्रीफळ निघतं, व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं वाचली जातात, एखादे माजी पदाधिकारी ‘दोनच शब्द’ बोलायला उठतात. सत्कार करायचेच असतील, तर ते दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत करावेत. व्यवस्थापकाला तीन मिनिटं पुरतात.

या तीन मिनिटांत कौतुकापेक्षा माहिती जास्त हवी. यजमानांचे खेळाडू या मैदानावर रोज खेळतात, त्याचे खाचखळगे त्यांना पाठ असतात. पाहुण्यांना त्यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि भाषणाने ही तफावत भरून काढायची असते. पुण्याचा संघ वर्षभर मॅटवर, पायात बूट घालून सराव करत असेल आणि इथे लाल मातीवर अनवाणी उतरायचं असेल, तर त्यांची पकडीची सवयच बदलते. मातीत पाऊल वेगळं रुततं, घोट्याची पकड केली की बचावपटू फरफटत जातो, गुडघे-कोपरं सोलवटतात. म्हणून पहिल्या सामन्याआधी पाहुण्यांना दहा-पंधरा मिनिटं मैदान मोकळं द्यायचं आणि ते दिल्याचं सगळ्यांसमोर सांगायचं. मग हरल्यावर ‘मैदानच कळलं नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

मातीवरचं दुसरं दुखणं रेषांचं. फक्कीने आखलेल्या रेषा पहिल्या सत्रातच पुसट होतात, आणि बोनसचं सगळं गणित त्या रेषांवर असतं. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा, तरच गुण मिळतो. पुरुषांच्या मैदानात ही रेषा निदान रेषेच्या एक मीटर मागे असते. ती दिसेनाशी झाली की चढाईपटूला बोनस मिळालेला असतो, बचावपटूंना तो मिळालेला नसतो, आणि पंचाला दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यावं लागतं. दर मध्यंतराला रेषा पुन्हा मारणार, हे एक वाक्य भाषणात असलं की निम्मे वाद मिटतात. अर्थात, फक्कीची बादली आणि ती मारणारा माणूस खरोखर हजर असायला हवेत.

वेळापत्रकाची गोष्ट जरा खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे. चार संघांच्या साखळीत सहा सामने होतात. पंधरा-पंधरा मिनिटांची दोन सत्रं ठेवली, तर मध्यंतर आणि टाइमआउट धरून एका सामन्याला पाऊण तास जातो. म्हणजे चारला सुरू झालेली स्पर्धा साडेआठच्या आत संपत नाही. एकच मैदान असल्यामुळे कुणाला ना कुणाला सलग दोन सामने खेळावेच लागतात, कागदावर कितीही उलटापालट केली तरी ते टळत नाही. मग ते ओझं कुणी उचलायचं? पाहुण्यांना पहिला, तिसरा आणि पाचवा सामना दिला, तर त्यांना दर वेळी पाऊण तास विसावा मिळतो. दुसरा आणि चौथा सामना खेळून आलेले स्थानिक संघ त्यांच्यापुढे दमलेले उतरतात. शिवाय पाहुणे पावणेआठला मोकळे होतात आणि जेवून वेळेत घाट चढायला लागतात. यजमानाने हे औदार्य बोलून दाखवू नये. क्रम नुसता वाचावा, समोरचा व्यवस्थापक बोटांवर मोजून काय ते समजतो.

तर भाषण साधारण असं व्हावं:

“नमस्कार मंडळी. पुण्याहून आलेले खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि घाटातून गाडी सुखरूप आणणारे ड्रायव्हरदादा, तुमचं चिपळुणात मनापासून स्वागत. आजचे पंच आमच्याच तालुक्यातले आहेत, हे आधीच सांगतो. त्यांचा निर्णय आम्हालाही तितकाच लागू राहील. शंका असेल तर फक्त कर्णधाराने विचारायचं. मैदान मातीचं आहे, रेषा दर मध्यंतराला मारून देऊ. साखळीत सामना बरोबरीत सुटला तर गुण वाटून दिले जातील, पाच-पाच चढाया होणार नाहीत. शेवटी दोन संघांचे साखळी गुण सारखे झाले, तर गुणफरक बघितला जाईल. डॉक्टर उजवीकडच्या खुर्चीवर आहेत, पाणी दोन्ही बाकांपाशी आहे. पाचव्या सामन्यानंतर पाहुण्यांची पानं मांडली जातील, सोलकढी घेतल्याशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही. आता दोन्ही कर्णधारांनी नाणेफेकीला यावं.”

यातलं बरोबरीचं वाक्य अनेक जण गाळतात. बाद फेरीत बरोबरी झाली की पाच-पाच चढाया होतात, त्यातही निकाल लागला नाही तर सुवर्ण चढाई होते, हे खेळाडूंच्या डोक्यात पक्कं असतं. साखळीत तसं करायचं नसेल आणि ते आधी सांगितलेलं नसेल, तर शिट्टी वाजल्यावर अर्धा संघ मैदानातच थांबतो आणि प्रेक्षक पंचांवर ओरडायला लागतात. हे आधी जाहीर केलेलं असेल, तर यजमान सोयीचा नियम काढतोय असा संशय कुणाला येत नाही.

पंच स्थानिक आहेत हे उघड बोलावं का, यावर मतभेद आहेत. काहींना वाटतं, त्याने उगाच शंका पेरली जाते. मला उलट वाटतं. पाहुण्यांच्या मनात ती शंका गाडीत बसल्यापासून असतेच. यजमानानेच ती बोलून टाकली की तिची धार जाते. जमत असेल तर गुणलेखकाच्या शेजारी पाहुण्यांचा एक माणूस बसवावा, म्हणजे फलकावरचा आकडा आणि वहीतला आकडा दोघांनाही एकाच वेळी दिसतो.

भाषणात काही गोष्टी मात्र नकोत. ‘पाहुण्यांना जिंकू देऊ’ ही थट्टा करू नये. पाहुणे जिंकले तर त्यांच्या विजयावर डाग लागतो आणि हरले तर ती थट्टा जखमेवर मीठ ठरते. आपल्या मंडळाच्या जुन्या विजेतेपदांची उजळणी टाळावी, आणि समोरच्या संघातल्या एखाद्या नामांकित खेळाडूचं एकट्याचं कौतुकही टाळावं. बाकीचे अकरा जण तेवढाच प्रवास करून आलेले असतात.

नाणेफेक जिंकणारा चढाई मागतो किंवा अंगण निवडतो आणि खेळ सुरू होतो. व्यवस्थापकाने इथे माईक निवेदकाकडे द्यायचा आणि आपल्या संघाच्या बाकावर जाऊन बसायचं. सामना चालू असताना ‘यजमान म्हणून’ पंचांशी बोलायला उठायचं नाही. पाण्याचा जार संपला, दिवे गेले, कुणाला टाके पडले, तर मंडळाचा दुसरा माणूस धावेल अशी नेमणूक सकाळीच करून ठेवलेली बरी.